भाग : फडकणारा झेंडा, उडणाऱ्या पाकळ्या आणि ‘बेक’ करायला विसरलेला मी

तुमच्यापैकी बरेच जण हे बसमध्ये, लोकलमध्ये, कानात इयरफोन घालून ऐकत असणार. समोर ब्लेंडर उघडलेलं नसणार. म्हणून आज जे सांगतोय ते आधी डोळ्यासमोर उभं करू, आणि मग घरी गेल्यावर करून बघा. बटणांची नावं स्क्रीनवर जशी दिसतात तशीच खाली लिहून ठेवली आहेत.

विषय आहे कापड आणि पार्टिकल यांचं सिम्युलेशन. आणि त्यातली एकच गोष्ट : बेक करणं. कारण बाकी सगळं यूट्यूबवर दिसतं, पण बेक म्हणजे नक्की काय आणि ते न केल्यावर काय होतं, हे मला एका रात्रीत समजलं. तीच रात्र सांगतो.

काय करायचं होतं

आमच्या मंडळाच्या गणपतीत स्क्रीनवर दाखवायला १० सेकंदांचा एक शॉट हवा होता. देवळाच्या शिखरावर झेंडा फडकतोय आणि वरून झेंडूच्या पाकळ्या पडतायत. काही पाकळ्या झेंड्याला आपटून बाजूला घसरतात. एवढंच. २४ फ्रेम प्रति सेकंद, म्हणजे २४० फ्रेम.

झेंडा म्हणजे एक ग्रिड. लांबीत ६० आणि उंचीत ४० चौकोन, लांबी ३ मीटर, उंची २ मीटर. काठीकडच्या कडेचे सगळे बिंदू एका व्हर्टेक्स ग्रुपमध्ये टाकले आणि तो ग्रुप कापडाच्या `Shape` विभागात `Pin Group` म्हणून दिला. म्हणजे ती कड जागेवर राहणार, बाकीचं कापड वाऱ्यावर. वाऱ्यासाठी एक `Wind` फोर्स फील्ड, `Strength` ३०० च्या आसपास आणि थोडा `Noise`. पाकळ्यांसाठी वर एक प्लेन, त्याच्यावर पार्टिकल सिस्टिम, ६०० कण, प्रत्येक कणाच्या जागी एक पाकळी.

प्ले केलं. झेंडा मस्त फडकला, पाकळ्या पडल्या. मी खूश. रेंडरला वेळ लागणार होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल द्यायची होती. म्हणून मी अर्ध्या फ्रेम माझ्या कॉम्प्युटरवर लावल्या आणि उरलेल्या अर्ध्या मित्राच्या. त्याला फक्त `.blend` फाइल पेनड्राइव्हवर दिली.

पहाटे त्याचा फोटो आला. त्याच्याकडच्या सगळ्या फ्रेममध्ये झेंडा पाटासारखा सरळ. एक सुरकुती नाही. पाकळ्या होत्या, पण माझ्या शेवटच्या फ्रेममधल्या पाकळ्यांशी त्यांचं काहीच जुळत नव्हतं.

मित्राचा कॉम्प्युटर ठीक होता, ब्लेंडरही तेच होतं. चूक माझी होती.

झेंडा सरळ का झाला

हे नीट ऐका, कारण बाकीचं सगळं यावरून आपोआप समजतं.

साधं अॅनिमेशन, म्हणजे कीफ्रेमचं, कसं असतं? तुम्ही १८१ व्या फ्रेमवर उडी मारा, ब्लेंडर दोन कीफ्रेममधलं अंतर मोजतं आणि वस्तू कुठे असायला हवी ते लगेच सांगतं. त्याला १८० व्या फ्रेमवर काय झालं हे माहीत असण्याची गरज नाही.

सिम्युलेशन तसं नसतं. १८१ व्या फ्रेमला कापड कुठे आहे हे १८० व्या फ्रेमला ते कुठे होतं आणि किती वेगाने कुठे चाललं होतं यावर ठरतं. १८० हे १७९ वर ठरतं. असं करत करत पार पहिल्या फ्रेमपर्यंत. पाढे पाठ नसलेल्या मुलाने सतरा नव्वे काढायला सतरा-सतरा मिळवत जावं, तसं. मध्ये कुठून सुरू करता येत नाही.

ब्लेंडरमधलं कापड याबाबत अगदी कडक आहे. मागची फ्रेम नुकतीच हिशेबात झाली असेल तरच ते पुढची काढतं. नाहीतर गप्प बसतं, आणि तुम्हाला दिसते मूळ सपाट जाळी.

माझ्या मशीनवर मी आधी सुरुवातीपासून प्ले केलं होतं. प्रत्येक फ्रेमचा निकाल ब्लेंडरने मेमरीत ठेवला होता. त्यालाच कॅश म्हणतात. म्हणून मला सगळं बरोबर दिसत होतं. मित्राने फाइल उघडली आणि सरळ १८१ पासून रेंडर लावला. त्याच्याकडे १८० चा वापरता येईल असा निकालच नव्हता. कापडाने हात वर केले. पार्टिकल थोडे उदार असतात, ते मधूनही काहीतरी हिशेब मांडून दाखवतात, पण तो हिशेब माझ्या हिशेबाशी जुळेल याची हमी नाही.

बेक करणं म्हणजे हा निकाल पक्का करणं. पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत एकदा मोजायचं, प्रत्येक फ्रेमचं उत्तर लिहून ठेवायचं आणि त्यावर कुलूप लावायचं. त्यानंतर ब्लेंडर मोजत नाही, फक्त वाचतं. मग कुठल्याही फ्रेमवर उडी मारा, उत्तर तेच.

आधी साफसफाई, मग बेक

घाईत बेक केलं तर चुकीची गोष्ट पक्की होते. म्हणून आधी तीन गोष्टी बघतो.

पहिली, स्केल. मी ग्रिड टाकून ती ताणून ३ बाय २ केली होती. दिसायला माप बरोबर, पण ऑब्जेक्टच्या स्केलच्या खान्यात १ नव्हता. `Ctrl+A` दाबून `Scale` लावून टाकायचं, म्हणजे तिन्ही आकडे १ होतात. हे केलं नाही तर कापडाचा हिशेब आणि डोळ्यांना दिसणारं माप यांत तफावत पडते.

दुसरी, अंतरं. झेंडा स्वतःच्याच घडीतून आरपार जाऊ नये म्हणून मी `Self Collisions` चालू केलं. त्यातलं `Distance` सुरुवातीला ०.०१५ मीटर असतं, म्हणजे दीड सेंटिमीटर. माझे बिंदू एकमेकांपासून ५ सेंटिमीटरवर, म्हणजे काही अडचण नाही. पण समजा तुम्ही सुंदर दिसावं म्हणून जाळी खूप बारीक केली आणि बिंदू एक-एक सेंटिमीटरवर आले. मग प्रत्येक बिंदूला शेजारचा बिंदू ‘फार जवळ आलाय’ असं वाटतं आणि ते एकमेकांना ढकलायला लागतात. कापड पहिल्याच फ्रेमला थरथरतं, फुगतं, कधी कधी स्फोट झाल्यासारखं उडतं. असं दिसलं तर वाऱ्याला दोष देऊ नका, आधी हे अंतर कमी करून बघा. झेंडा ३ मीटरऐवजी चुकून ३ सेंटिमीटरचा केलात तरी हेच होतं.

गुळगुळीतपणा हवा असेल तर जाळी बारीक करू नका. `Subdivision` मॉडिफायर लावा आणि तो `Cloth` च्या खाली ठेवा. म्हणजे हिशेब साध्या जाळीवर होतो आणि नंतर ती गुळगुळीत होते. तोच वर ठेवला तर हिशेब बारीक जाळीवर होणार, वेळ कितीतरी पट लागणार. शिवाय बेक झाल्यावर तुम्ही त्याची पातळी बदललीत की बिंदूंची संख्या बदलते आणि जुना बेक त्या जाळीला लागूच पडत नाही.

तिसरी, `Quality Steps`. एका फ्रेममध्ये ब्लेंडर किती पायऱ्यांनी मोजतं तो आकडा. सुरुवातीला ५ असतो. जोराच्या वाऱ्यात कापड कापत असेल किंवा रबरासारखं ताणलं जात असेल तर वाढवायचा. मी १० वर नेला, झेंडा शांत झाला. आकडा दुप्पट केला की वेळही साधारण दुप्पट होतो, म्हणून उगाच ४० करू नका.

सुरुवातीचे ६० फ्रेम फेकून द्या

पहिल्या फ्रेमला झेंडा सपाट असतो, कारण आपण तो तसा बनवला. वारा लागून तो नैसर्गिक फडकायला दोन-अडीच सेकंद जातात. ते प्रेक्षकाला दाखवायचं नाही.

म्हणून मी सिम्युलेशन फ्रेम १ पासून ३०० पर्यंत ठेवलं आणि रेंडर ६१ पासून ३०० पर्यंत. म्हणजे २४० फ्रेमच, पण कॅमेरा चालू होतो तेव्हा झेंडा आधीच फडकतोय. पाकळ्या ४० व्या फ्रेमपासून सोडल्या, म्हणजे ६१ ला त्या हवेत असतात.

इथे पाकळ्यांचा एक घोळ. पार्टिकलचं `Lifetime` सुरुवातीला ५० फ्रेम असतं. ५० फ्रेमनंतर कण मरतो, म्हणजे पाकळी हवेतच गायब. माझी पहिली पाकळी ४० ला जन्मते आणि तिला ३०० पर्यंत जगायचंय, म्हणून `Lifetime` २६० केलं. आणि पाकळी दगडासारखी पडू नये म्हणून `Field Weights` मध्ये गुरुत्वाकर्षण बरंच कमी केलं, `Drag` थोडं वाढवलं.

कॅशची शेवटची फ्रेम

आता सगळ्यांत जास्त लोक अडकतात ती जागा. सीनची लांबी तुम्ही टाइमलाइनवर ३०० केली. पण कॅशची लांबी वेगळी असते. ती `Cache` विभागात `Simulation Start` आणि `End` या दोन खान्यांत असते, आणि `End` सुरुवातीला २५० असतो. सीन वाढवल्यावर तो आपोआप वाढत नाही.

परिणाम काय? २५० पर्यंत झेंडा छान फडकतो आणि २५१ ला जागच्या जागी थिजतो. शेवटचे दोन सेकंद झेंडा फोटोसारखा. ‘ब्लेंडर हँग झालं’ असं वाटतं, पण ते फक्त सांगितलेलं काम संपवून थांबलेलं असतं.

आणि लक्षात घ्या, कॅश एक नाही. झेंड्याची वेगळी, फिजिक्स टॅबमध्ये. पाकळ्यांची वेगळी, पार्टिकल टॅबमध्ये. दोन्हीकडे ३०० लिहायचं. मी दुसऱ्या खेपेला झेंड्याचं केलं आणि पाकळ्यांचं विसरलो. झेंडा फडकतोय आणि पाकळ्या हवेत लटकल्यात, असं विचित्र दृश्य बघितलंय मी.

कोण आधी, कोण नंतर

माझ्या शॉटमध्ये पाकळ्या झेंड्याला आपटतात. त्यासाठी झेंड्यालाच `Collision` हेही फिजिक्स दिलं, आणि मॉडिफायरच्या यादीत ते `Cloth` च्या खाली आहे ना हे पाहिलं. वर असलं तर पाकळ्या सपाट, न फडकणाऱ्या झेंड्याला आपटतात. दिसणारा झेंडा एकीकडे आणि पाकळ्या हवेत कशालातरी अडून वळतायत, असं दिसलं की हीच चूक समजा.

हे एकतर्फी आहे. पाकळीला झेंडा जाणवतो, झेंड्याला पाकळी जाणवत नाही. म्हणजेच पाकळ्यांचं उत्तर झेंड्याच्या उत्तरावर अवलंबून आहे, उलट नाही. म्हणून झेंडा आधी पक्का करायचा, मग पाकळ्या. आणि नंतर कधी झेंड्याचा वारा जरी बदलला तरी दोन्ही बेक काढून पुन्हा करायचे. फक्त झेंडा नव्याने बेक केलात तर पाकळ्या जुन्या झेंड्याला आपटत राहतील, जो आता तिथे नाही.

पाकळ्या कापडातून आरपार गेल्या तर? वेग जास्त असेल तर एका फ्रेममध्ये पाकळी या बाजूची त्या बाजूला पोचते, मध्ये तपासणीच होत नाही. पार्टिकलच्या `Physics` विभागात `Subframes` वाढवायचं. मी ० वरून ४ केलं, तेवढ्यावर भागलं.

प्रत्यक्ष बेक

आधी फाइल सेव्ह करा. मग झेंड्याच्या आणि पाकळ्यांच्या, दोन्ही `Cache` विभागांत `Disk Cache` वर टिक करा. मग `Bake All Dynamics`. ते पहिल्या फ्रेमपासून एकेक फ्रेम पुढे जात झेंडा आणि पाकळ्या बरोबरच मोजतं, म्हणून क्रमाचा प्रश्न तिथे सुटतो. हे झाल्यावर सेटिंगचे खाने फिके पडतात, बदलता येत नाहीत. ते बिघडलेलं नाही, ते कुलूप आहे. बदल करायचा असेल तर `Delete All Bakes` करून पुन्हा.

शेजारी `Current Cache to Bake` असंही बटण आहे. ते नव्याने मोजत नाही, आत्तापर्यंत प्ले करताना जे साठलंय तेवढ्यालाच कुलूप लावतं. तुम्ही १४० व्या फ्रेमला प्ले थांबवलं असेल तर बेकही १४० पर्यंतच.

`Disk Cache` लावला नाही तर बेक `.blend` फाइलच्या आतच राहतो. छोट्या कामाला ते उत्तमच, एकच फाइल सांभाळायची, फक्त ती जड होते. टिक केलं तर फाइलच्या शेजारी एक फोल्डर तयार होतं. माझी फाइल `zenda.blend`, तर फोल्डर `blendcache_zenda`, आत प्रत्येक फ्रेमची `.bphys` फाइल. रात्रभर चालणाऱ्या मोठ्या कामाला मी हाच मार्ग घेतो.

पण त्या नावात एक काटा आहे. फोल्डरचं नाव फाइलच्या नावावरून ठरतं. तुम्ही `Save As` करून `zenda_final.blend` केलंत की ब्लेंडर `blendcache_zenda_final` शोधतं. ते नसतं, आणि बेक हरवल्यासारखा वाटतो. हरवलेला नसतो. ब्लेंडर बंद करा, फोल्डरची कॉपी करून नव्या नावाची करा, फाइल उघडा. आणि फाइल दुसऱ्याला देताना फोल्डरही द्या, दोन्ही शेजारी-शेजारी.

पक्कं झालं का, हे कसं कळतं

नुसतं प्ले करून बघू नका. प्ले करताना सगळं बरोबरच दिसतं, मला दिसलं होतं तसं. मी आता ही परीक्षा घेतो. फाइल सेव्ह करतो, ब्लेंडर पूर्ण बंद करतो, पुन्हा उघडतो. प्ले न करता थेट २२० व्या फ्रेमवर उडी. झेंड्याची एक ठळक घडी आणि जवळची एक पाकळी लक्षात ठेवतो, हवं तर मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढतो. मग ९० वर, मग ३०० वर, मग परत २२० वर. चित्र हुबेहूब तेच असेल तर बेक पक्का. झेंडा सपाट दिसला किंवा पाकळी हलली तर नाही.

मग फाइल आणि फोल्डर दुसऱ्या मशीनवर नेऊन मधली एकच फ्रेम काढून बघतो. टर्मिनलमधून अशी :

```
blender -b zenda.blend -f 220
```

दोन्हीकडची २२० वी फ्रेम सारखी आली, की मग निम्मा-निम्मा रेंडर लावायचा :

```
blender -b zenda.blend -s 181 -e 300 -a
```

रेंडर पीएनजी फ्रेममध्येच घ्या, थेट व्हिडिओत नको. मध्येच लाइट गेली तर राहिलेल्या फ्रेमपासून पुन्हा सुरू करता येतं. आणि बेक असल्यामुळे आता मधून सुरू करायला कापडाची हरकत नसते.

बेक करूनही अडखळतंय?

हा प्रश्न नेहमी येतो : ‘दादा, बेक केलं तरी प्ले अडखळतच होतं.’ दोन गोष्टी वेगळ्या करा. बेकने चित्र स्थिर होतं, म्हणजे २२० व्या फ्रेमला नेहमी तेच दिसतं. ते किती वेगाने दिसेल हे वेगळं. कापडाचा हिशेब वाचतो, पण ६०० पाकळ्या काढून दाखवायचं काम ग्राफिक्स कार्डाला करावंच लागतं. एका पाकळीत दोन हजार पृष्ठं असतील तर बेकने काही फरक पडणार नाही. पार्टिकलच्या `Viewport Display` मध्ये `Amount` २० टक्के करा, `Subdivision` ची व्ह्यूपोर्टची पातळी ० करा. रेंडरमध्ये सगळ्या पाकळ्या येतातच.

आणि बेक नसताना प्ले करायचं असेल, तर टाइमलाइनच्या `Playback` मेनूत `Sync` हे `Play Every Frame` वर आहे ना बघा. `Frame Dropping` असेल तर ब्लेंडर वेळ गाठण्यासाठी फ्रेम गाळतं. आणि फ्रेम गाळली की काय होतं, हे आता तुम्हाला माहीत आहे : कापड पुढचा हिशेब करत नाही.

माझ्या त्या सकाळचं राहिलंच. मित्राकडच्या १२० फ्रेम टाकून द्याव्या लागल्या. मी बेक केला, माझ्याच मशीनवर त्या फ्रेम लावल्या आणि वेळेत बसावं म्हणून रेंडरचे सॅम्पल कमी केले. स्क्रीनवर शॉट लागला, मंडळातल्या कुणाला काही कळलं नाही. पण सहाव्या सेकंदाला चित्र जरा दाणेदार होतं ते मला अजून दिसतं, कारण तिथूनच १८१ वी फ्रेम सुरू होते.

पुढच्या भागात याच झेंड्याला सिल्क आणि डेनिम अशी दोन वेगळी कापडं लावून बघू. तुमच्या झेंड्याचा, पदराचा, पडद्याचा स्क्रीनशॉट पाठवलात तर कॅशचा विभागही त्यात दिसू द्या. निम्म्या प्रश्नांचं उत्तर तिथल्या `End` च्या आकड्यातच असतं. भेटू.